मानपत्राची मराठी आणि प्रवेशाच्या निबंधातलं इंग्रजी

गोव्यात इंग्रजीचा विषय निघाला की गाडी माध्यमाच्या वादावर जातेच. परदेशी विद्यापीठासाठी अर्ज करणाऱ्या कुणा मुलीच्या निबंधात ‘माय फादर मेड वॉटर ऑफ हिज ब्लड’ असं वाक्य सापडतं आणि दोन बाजू लगेच ठरून जातात. एक बाजू म्हणते, चौथीपर्यंत मराठी शाळेत घातलं त्याचं हे फळ. दुसरी म्हणते, त्यात बिघडलं काय? आमच्या इंग्रजीला आमच्या भाषेचा वास येणारच, इंग्रजांसारखं लिहायचा मक्ता आम्ही घेतलेला नाही. 1990 साली प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मराठी-कोंकणीपुरतं ठेवलं गेलं, 2011 साली ते इंग्रजी शाळांनाही द्यायचं ठरलं. तेव्हापासून उरलेली सगळी भांडणं त्या बिचाऱ्या निबंधावर येऊन आदळतात. निबंध मात्र कुणी नीट वाचत नाही.

नीट वाचला तर दिसतं ते वेगळंच. घरात, बसमध्ये, बाजारात आपण जी मराठी बोलतो ती त्या वाक्यात उतरलेलीच नाही. ‘बाबांनी रक्ताचं पाणी करून मला शिक्षण दिलं’ असं त्या मुलीच्या घरात कुणी कधी म्हटलेलं नसतं. घरात म्हणतात, ‘बाबा चार वर्षं रात्रपाळी करत होते.’ रक्ताचं पाणी होतं ते सत्काराच्या भाषणात, निरोप समारंभात, शाळेच्या वार्षिक अंकात आणि परीक्षेच्या निबंधात. मुलांनी ‘चांगलं लिहिणं’ म्हणून जे शिकलेलं असतं ते हे, आणि त्याला मी मानपत्राची मराठी म्हणतो. इंग्रजीत शब्दशः जाते ती ही मराठी. आणि जी मुलं पहिलीपासून इंग्रजी शाळेत होती, ज्यांना मराठी धड वाचताही येत नाही, ती त्याच जागी ‘क्वेंच माय इन्सेशिएबल थर्स्ट फॉर नॉलेज’ लिहितात. माध्यम बदललं तरी मानपत्र तेच राहतं. म्हणून शब्दशः भाषांतर आणि अलंकारिक इंग्रजी या दोन वेगळ्या खोडी नाहीत. काय केलं ते सांगण्याऐवजी किती थोर वाटलं ते सांगायचं, ही एकच सवय दोन्हींच्या मुळाशी आहे.

हे उदाहरणाशिवाय पटणार नाही. पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करणारी फोंडा तालुक्यातली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणू. तिचा प्रकल्प खाजनावरचा, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीवरचा. खालचा परिच्छेद मी नमुना म्हणून जुळवला आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य अशा अर्जांत नेहमी भेटणारं आहे: ‘सिन्स माय चाइल्डहुड ओन्ली आय अ‍ॅम हॅविंग इमेन्स लायकिंग फॉर नेचर. माय फादर मेड वॉटर ऑफ हिज ब्लड अँड गेव्ह मी एज्युकेशन. अंडर द एबल गायडन्स ऑफ माय रिस्पेक्टेड सर, अ प्रोजेक्ट वॉज डन ऑन खाजन लँड्स, अँड मेनी थिंग्ज केम टु माय नॉलेज. आय विश टु क्वेंच माय इन्सेशिएबल थर्स्ट फॉर नॉलेज इन युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी.’

या चार वाक्यांतली व्याकरणाची चूक कुणालाही दाखवता येईल. ‘मला लहानपणापासून आवड आहे’ यात मराठी ‘आहे’ म्हणते. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेली गोष्ट आपण सरळ वर्तमानकाळात सांगतो, इंग्रजीला तिथे ‘हॅव हॅड’ किंवा ‘हॅव बीन’ लागतं. हे शिकवता येतं, सुधारताही येतं, आणि निबंध वाचणारा प्राध्यापक अशा चुकीवर फारसा अडत नाही. तो अडतो तिसऱ्या वाक्यावर, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. प्रकल्प केला कुणी? ही मुलगी बांधावर गेली होती की वर्गात बसून होती? आणि ‘बऱ्याच गोष्टी समजल्या’ म्हणजे कोणत्या?

इथे मराठीचा स्वभाव खरोखर आड येतो, आणि मराठी माध्यमाला दोष देणाऱ्यांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. मला वाटलं, मला समजलं, मला आवडलं, मला जमलं, मला संधी मिळाली, मला प्रश्न पडला. या सगळ्या वाक्यांत माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो आणि गोष्ट त्याच्याकडे चालत येते. त्यातच आपल्या कार्यालयीन मराठीने ‘करण्यात आले’ची सवय लावली आहे: अहवाल सादर करण्यात आला, वृक्षारोपण करण्यात आलं. मराठी वाचकाला यातून कर्ता शोधायची सवय असते. ‘मला समजलं’मध्ये समजून घेण्याचे कष्ट असू शकतात, हे त्याला सांगावं लागत नाही. तीच रचना इंग्रजीत गेली की ‘इट केम टु माय नॉलेज’ होतं, आणि इंग्रजी वाचकाला दिसते एक स्वस्थ बसलेली व्यक्ती, जिच्या कानावर कुणीतरी काहीतरी घातलं. संधी ‘रिसीव्ह’ झाली, प्रकल्प ‘डन’ झाला, प्रश्न ‘अरोज’ झाला. पानभर वाचूनही तिने स्वतः केलेली एक कृती हाती लागत नाही. प्रवेशाचा निबंध मागवतात तो नेमका ती कृती पाहण्यासाठी, कारण गुण गुणपत्रिकेत असतात आणि शिफारस शिफारसपत्रात.

यावर उपाय असा की ‘मला’ने सुरू होणारं वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मराठीतच ‘मी’चं करून बघायचं. ‘मला बऱ्याच गोष्टी समजल्या’ याचं ‘मी’चं वाक्य काय होईल? ‘मी पाण्याची क्षारता मोजली’, ‘मी दोन वेळचे आकडे टाकून दिले’, ‘मी बांधातल्या दारावर, मानशीवर, बसणाऱ्या काकांना विचारलं’. असं वाक्य झालं की ते इंग्रजीत न्यायला फार इंग्रजी लागत नाही. आणि ‘मी’चं वाक्य होतच नसेल तर तिथे सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं, हेही तेव्हाच कळतं. ते वाक्य सरळ काढून टाकावं.

लहान अव्ययांकडे कुणी लक्ष देत नाही, पण त्यांचा घोळ मोठा असतो. ‘मी पहिल्या वर्षातच प्रयोगशाळेत काम सुरू केलं’ यातला ‘च’ सांगतो की इतक्या लवकर सुरू केलं. त्याचं ‘इन द फर्स्ट इयर ओन्ली’ केलं की इंग्रजी वाचक समजतो, फक्त पहिल्या वर्षापुरतं केलं, पुढे सोडून दिलं. जी गोष्ट तिच्या बाजूची होती ती तिच्या विरुद्ध गेली, तीही एका अक्षरामुळे. ‘इटसेल्फ’ लावणारे थोडे बरे, पण तेही वाक्याला ठिगळ लावल्यासारखंच दिसतं. इंग्रजीत हा ‘च’ बहुतेक वेळा तारखेनेच येतो: पहिल्या सत्राच्या दुसऱ्या महिन्यात सुरू केलं असं लिहिलं की लवकर सुरू केल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात जोरदार म्हणणं घेऊ, कारण ते हलकं नाही. भारतीय इंग्रजी ही खरी, जिवंत भाषा आहे. ‘प्रीपोन’सारखा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. मग आमच्या म्हणी, आमचे वाक्प्रचार आम्ही का गाळायचे? साधं, नेमकं लिहिणं ही तरी कुणाची आवड? ती त्यांचीच. आमच्याकडे अलंकाराला मान आहे. अर्जात स्वतःला पुसून टाकायचं आणि त्यांच्या साच्यात बसायचं, ही गुलामगिरी नाही का?

गोव्यात बसून या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही. 1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला. मातृभाषा इंग्रजी, शिक्षण लॅटिनमधलं, काम साष्टीतल्या लोकांत. आपल्या धर्माची कथा त्याला मराठीत सांगायची होती. ती त्याने लॅटिन वाक्यांचं मराठी करून सांगितली नाही. इथल्या माणसांच्या कानात जी ओवी होती ती उचलली, पुराणाची चाल घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दसुद्धा वापरला, आणि 1616 साली राचोलला ते पुस्तक छापून झालं. आज ते ज्या नावाने ओळखलं जातं तेच पाहा: क्रिस्तपुराण. क्रिस्त हे नाव तसंच ठेवलं, पुराण हा घाट ऐकणाऱ्यांचा घेतला. स्टीफन्सने स्वतःला पुसलं असं कुणी म्हणेल का? आपलं जे होतं ते त्याने मजकुरात पूर्ण ठेवलं, आणि परक्या कानाला ते नीट पोचावं म्हणून बोलण्याची ढब त्या कानाची घेतली.

वस्तूंची नावं आणि वाक्प्रचार यांत नेमका हाच फरक करायला हवा, आणि ‘आपलं ते सगळं ठेवा’ म्हणणारे तो करत नाहीत. खाजन हा शब्द निबंधात राहिलाच पाहिजे. मानस राहिली पाहिजे, कोरगूट भात राहिलं पाहिजे. या गोष्टींना इंग्रजीत नाव नाही, आणि त्या नावांबरोबर त्या मुलीला असलेली माहितीही वाचकापर्यंत जाते. पहिल्यांदा शब्द आला तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्यायचा: खाजन म्हणजे मातीचे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतजमीन, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, जे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. पुढे तोच शब्द त्याच स्पेलिंगने, पुन्हा अर्थ न देता. ‘खारीचा वाटा’ मात्र ठेवून चालत नाही. ‘आय विश टु कॉन्ट्रिब्यूट माय स्क्विरल्स शेअर’ वाचणाऱ्याला सेतू माहीत नाही, रामाने पाठीवरून फिरवलेली बोटं माहीत नाहीत. त्याच्या डोळ्यांसमोर हिवाळ्यासाठी शेंगदाणे साठवणारी खार येते, म्हणजे वाटा देणारी नाही, वाटा राखून ठेवणारी. ‘डोळ्यांत तेल घालून’ आणि ‘तळहाताच्या फोडासारखं’ यांचं काय होतं ते लिहायची गरज नाही. आपले वाक्प्रचार आपल्याला देखणे दिसतात कारण त्यांच्या मागची गोष्ट आपण दोघेही जाणतो. ज्याला ती माहीत नाही त्याला उरतं फक्त तेल आणि डोळा. अपवाद आहेत. ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ इंग्रजीतही जवळजवळ तसंच आहे. पण असा योगायोग आहे की नाही हे कोशात बघून ठरवावं, कानावर सोडू नये.

अलंकाराला आपल्याकडे मान आहे, हेही अर्धंच खरं. जुनी मराठी पत्रं पाहिली तर त्यांचे दोन भाग सरळ वेगळे दिसतात. वर मायना: श्रीमंत, राजश्री, सेवेसी, विज्ञापना, ज्याला जो मान द्यायचा तो तिथे पुरा द्यायचा. तो संपला की मजकूर, आणि मजकुरात घोडी किती, रक्कम किती, कोण कधी निघाला, कुठे मुक्काम झाला. मायन्याचा थाट मजकुरात उतरला असता तर त्या पत्रांवर कारभार चालला नसता. प्रवेशाच्या निबंधाला मायनाच नाही. मान द्यायची जागा त्यात ठेवलेली नाही, वाचणारा पहिल्या अक्षरापासून मजकूर शोधत असतो. आपली मुलं मात्र ‘एस्टीम्ड’, ‘प्रेस्टिजियस’, ‘रिनाउन्ड’ असा मायना चार जागी पसरून ठेवतात. तेव्हा साधेपणा परका आहे असं म्हणण्याआधी आपला मजकूर कसा होता ते आठवावं.

पालकांची आणि शिकवणीवाल्यांची भीती वेगळी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. हजारो अर्जांत आपल्या मुलाचं इंग्रजी दुबळं दिसू नये, म्हणून ते मोठे शब्द घालायला सांगतात. पण मोठ्या शब्दांनी माणूस वेगळा दिसतो का? 2007 साली ब्रिटनच्या यूकास या प्रवेश यंत्रणेने निबंधांची एकमेकांशी तुलना करून पाहिली, तेव्हा आठव्या वाढदिवसाला रसायनांचे प्रयोग करताना पायजमा जळाला ही एकच आठवण तब्बल 234 अर्जांत निघाली. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे त्या मुलांतही ही खोड भरपूर आहे. उठून दिसण्यासाठी उचललेली गोष्ट सगळ्यांनीच उचललेली असते. ‘इन्सेशिएबल थर्स्ट’चंही तेच. ते वाक्य दंतवैद्यक, कायदा, वास्तुशास्त्र यांतल्या कुठल्याही अर्जात एक अक्षर न बदलता बसतं, म्हणून ते या मुलीबद्दल काहीच सांगत नाही. आणि ते फुकटही नाही. इंग्रजीत त्या वाक्याचे तेरा शब्द होतात. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाच्या कॉमन अ‍ॅपमध्ये निबंधाला जास्तीत जास्त 650 शब्द मिळतात, म्हणजे दोन टक्के जागा त्या तहानेने घेतली. यूकासमध्ये मोकळ्या जागा धरून 4000 अक्षरांची मर्यादा आहे, आणि 2026 च्या प्रवेशापासून तिथे सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत, मर्यादा तेवढीच. तिथे तर ‘युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’ मुळातच चूक आहे: एकच मजकूर पाच जागांपर्यंत जातो, मग ‘युअर’ म्हणजे कुणाची?

शब्दकोशातून काढलेल्या मोठ्या शब्दांचा आणखी एक धोका आहे. समानार्थी म्हणून दिलेले शब्द समान नसतात. ‘नामांकित प्राध्यापक’साठी शोधता शोधता ‘नोटोरियस’ हाती लागतो, आणि प्राध्यापक नामांकितऐवजी कुप्रसिद्ध होतात. नमुने ‘कलेक्ट’ केले इतकं पुरेसं असताना ‘अमास’ लिहिलं की बादल्यांच्या राशी डोळ्यांसमोर येतात. जो शब्द त्या मुलीने इंग्रजी वाचनात निदान पाच-सहा वेगवेगळ्या वाक्यांत पाहिलेला नाही, तो निबंधात नको, एवढा साधा नियम पाळला तरी हा अपघात टळतो.

आता नमुन्याच्या परिच्छेदाकडे परत. तो इंग्रजीत दुरुस्त करत बसू नये. कागद बाजूला ठेवावा आणि त्या मुलीला मराठीत, घरच्या मराठीत, प्रश्न विचारावेत. प्रकल्पात तू काय केलंस? ‘खाजनातलं पाणी किती खारट होतं ते बघायचं होतं. आम्ही तिघं होतो, पाण्याचं मी बघायचे.’ कुठे, किती वेळा? ‘चार जागा ठरवल्या, दोन मानशीच्या आत, दोन बाहेर. जुलै ते ऑक्टोबर, दर पंधरा दिवसांनी.’ म्हणजे आठ फेऱ्या, बत्तीस नमुने. सगळे वापरले? ‘नाही, पहिल्या दोन फेऱ्या फुकट गेल्या. एकदा भरतीला गेलो, एकदा सुकतीला, आकडे जुळेचनात. मग तिथल्या एका काकांनी सांगितलं, अमावास्या आणि पौर्णिमेची सुकती धर, वेळ जवळजवळ तीच येते.’ मग? ‘मग सकाळी सहाच्या सुमारास जायचो. चोवीस नमुने मिळाले. सप्टेंबरात मानशीची एक फळी कुजली आणि आतलं पाणी खारट होत गेलं, ते आकड्यांत दिसलं.’

या उत्तरांत एकही अलंकार नाही, एकही वाक्प्रचार नाही, आणि पर्यावरणशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही हवं ते सगळं आहे. मोजमाप केलं कुणी ते आहे. चूक झाली, ती का झाली ते शोधलं, पद्धत बदलली हे आहे. उधाणाच्या दिवशी ओहोटी ठरावीक वेळेला येते हे स्थानिक ज्ञान तिने शास्त्रात कसं वापरलं तेही आहे. इंग्रजीत हे नेणं दहावी-बारावीच्या इंग्रजीचं काम आहे: ‘फ्रॉम जुलै टु ऑक्टोबर आय मेझर्ड द सॉल्टनेस ऑफ वॉटर अ‍ॅट फोर पॉइंट्स इन अ खाजन. माय फर्स्ट टू राउंड्स वेअर यूसलेस, बिकॉज आय हॅड टेकन वन अ‍ॅट हाय टाइड अँड द अदर अ‍ॅट लो. अ‍ॅन ओल्ड फार्मर टोल्ड मी टु कम अ‍ॅट लो टाइड ऑन न्यू-मून अँड फुल-मून डेज, व्हेन द आवर हार्डली चेंजेस.’ ‘अंडर द एबल गायडन्स’ आपोआप गळलं, कारण मार्गदर्शन काय होतं तेच आता वाचायला मिळतं. ‘इमेन्स लायकिंग फॉर नेचर’ही गळलं. पहाटे उठून सहा वेळा चिखलात जाणाऱ्या मुलीला आवड आहे की नाही हे वाचणारा स्वतःच ठरवतो.

म्हणून ‘इंग्रजीतच विचार करा’ हा सल्ला मला पटत नाही. ज्या मुलीचं काम मराठीत घडलं, शेतकऱ्याशी बोलणं मराठी-कोंकणीत झालं, तिने इंग्रजीत विचार करायला घेतला की तिला आधी आठवतात ती इंग्रजी पाठ्यपुस्तकातली वाक्यं, आणि तपशील मागे राहतो. तिने मराठीतच विचार करावा. फक्त तो बोलण्याच्या मराठीत करावा आणि लिहिण्याआधी मोठ्याने करावा. फोनवर पाच मिनिटं बोलून ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि मग उतरवून काढलं, तर मानपत्र बहुधा आत शिरतच नाही.

कुणाकडून तपासून घ्यायचं, हा गोव्यात थोडा अवघड प्रश्न आहे. नेहमीची रीत म्हणजे ओळखीच्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना दाखवायचं. त्या इंग्रजी उत्तम जाणतात, पण घरी बहुधा कोंकणी बोलतात, आणि कोंकणीही ‘म्हाका दिसता’, ‘म्हाका कळ्ळें’ असंच म्हणते. मराठीतून घसरलेलं वाक्य त्यांच्या कानाला खटकतच नाही. दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या वाचकालाही ते कमीच खटकतं, कारण ‘मला’ची ही रचना हिंदीत आहे, तमिळमध्येही आहे. भारतीय वाचकाने ‘छान आहे’ म्हटलं तर या एका बाबतीत ते पुरेसं प्रमाण नाही. त्याऐवजी वाचणाऱ्याला एवढंच सांगावं की निबंध खाली ठेव आणि या मुलीने काय काय केलं ते न बघता सांग. त्याला तीन-चार ठोस कृती सांगता आल्या तर निबंध पोचला. ‘तिला निसर्गाची आवड आहे, खूप मेहनती आहे’ एवढंच आठवत असेल तर पुन्हा मराठीत बसावं.

साधेपणाचाही अतिरेक होतो, हे मान्य करायला हवं. प्रत्येक वाक्य ‘आय’ने सुरू झालं की निबंध हजेरीपटासारखा वाचला जातो. नमुने कसे साठवले, कोणत्या उपकरणाने मोजले अशा जागी कर्ता महत्त्वाचा नसतो, तिथे ‘वेअर स्टोअर्ड’ अगदी योग्य आहे. कर्ता तिथेच हवा जिथे निर्णय तिचा होता. आकडे टाकून देणं हा निर्णय होता, बाटलीवर चिठ्ठी लावणं नव्हता.

राहिले बाबा. शब्दशः भाषांतराची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात कळकळीचा मुद्दा इथेच असतो: त्या एका वाक्यात मुलीचं सगळं मन आहे, ते काढून टाकायचं का? बाबांना काढायचं मुळीच नाही. प्रश्न एवढाच की रक्ताचं पाणी म्हणजे त्यांनी काय केलं. विचारलं तर ती सांगते, बाबा वेर्णा वसाहतीत रात्रपाळीला होते, पहाटे सुटले की घरी झोपायला न जाता तिला स्कूटरवर घेऊन बांधावर यायचे, आणि ती खाली पाणी काढत असताना वर उभे राहून वही धरायचे. इंग्रजीत ते दोन ओळींत मावतं: ‘माय फादर वर्क्ड नाइट्स अ‍ॅट अ फॅक्टरी इन वेर्णा. ऑन सॅम्पलिंग डेज ही ड्रोव्ह मी टु द बंड इन्स्टेड ऑफ गोइंग होम टु स्लीप, अँड हेल्ड द नोटबुक व्हाइल आय वेन्ट डाउन टु द वॉटर.’